बरोबरचं चिन्ह

टेकचंद बिसेन मुर्रीहून रोज सायकलने गोंदियात यायचा आणि गोरेलाल चौकामागच्या गल्लीत, एका कापडदुकानाच्या माडीवर, कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. दोन हजार एक साली त्याने तो सुरू केला तेव्हा सहा मशीन होत्या आणि त्यांतल्या चारच चालत. पोरं यायची, कुणी टायपिंग शिकायचं, कुणी फॉक्सप्रो, कुणी सी, या प्रोग्राम लिहायच्या भाषा. शिकवण्यात त्याचा हातखंडा होता. एखादं पोर गप्प बसलं की त्याला कळायचं, याला कुठे अडलं. मग तो खडू ठेवायचा, त्याच्याजवळ स्टूल ओढून बसायचा आणि अगदी पहिल्यापासून सुरू करायचा. "मुळात जा, मुळात," हे त्याचं पालुपद होतं. त्याची बायको रुख्मिणी हसायची, "भाजीत मीठ कमी झालं तरी हा माणूस समुद्रापासून सांगते."

दुपारी एक ते तीन क्लास रिकामा असे. त्या वेळात टेकचंद ईमेलवरच्या एका ग्रुपमध्ये बसायचा. विदर्भातले, छत्तीसगडातले कोड लिहिणारे लोक तिथे एकमेकांना प्रश्न विचारत. रोमन अक्षरांत मराठी, हिंदी, मोडकी इंग्रजी, सगळं चाले. टेकचंदची उत्तरं सगळ्यांत लांब असायची. लोक आभार मानायचे, "टेकचंद सर" म्हणायचे. गल्लीत त्याला कुणी सर म्हणत नसे, क्लासच्या पोरांशिवाय. त्या दोन तासांची त्याला ओढ लागली होती, हे खरं.

दोन हजार सहाच्या जूनमध्ये, दुसऱ्या आठवड्यात, एक मेल आला. ना नमस्कार, ना नाव. फॉक्सप्रोचा तीसेक ओळींचा कोड चिकटवलेला आणि त्याखाली एकच शब्द: explain.

टेकचंदला असे मेल नवीन नव्हते. परीक्षेच्या दिवसांत कॉलेजची पोरं असंच करत. सरांनी दिलेला कोड जसाच्या तसा डकवायचा आणि दुसऱ्याच्या डोक्याने उत्तर लिहून न्यायचं. त्याला वाटलं, हाही तसाच. आणि त्याला दया आली. पोराला काय विचारावं तेही समजत नाही, म्हणून एक शब्द टाकून मोकळा झाला.

तो लिहायला बसला. टेबल म्हणजे काय, तर शाळेचं हजेरीपुस्तक समजा. व्हेरिएबल म्हणजे डबा, ज्यावर नाव लिहिलं आहे. मग एकेक ओळ घेत तो खाली उतरला. मधोमध एक ओळ होती:

REPLACE ALL STATUS WITH "R" FOR APPNO = ALLTRIM(MNO)

त्याने लिहिलं: MNO या डब्यात अर्जाचा नंबर आहे. ALLTRIM त्याच्या आजूबाजूची रिकामी जागा छाटतं. FOR म्हणजे अट. बरोबरचं चिन्ह म्हणजे दोन्ही बाजू सारख्या. ज्या अर्जाचा नंबर तोच असेल, त्यावर R लिहिला जाईल, म्हणजे रद्द.

इथे त्याचा हात थांबला. फॉक्सप्रोत हे पुरतं खरं नाही, हे त्याला ठाऊक होतं. SET EXACT नावाची एक सोय आहे आणि मुळात ती बंद असते. बंद असताना हे चिन्ह शब्दाशब्दांची तुलना करताना उजवीकडची अक्षरं संपेपर्यंतच बघतं. उजवीकडे "12" असेल, तर डावीकडे "12" ने सुरू होणारं काहीही त्याला चालतं. त्याने दोन ओळी त्यावर टाइप केल्या. मग वाचून पाहिलं आणि वाटलं, हे नवीन पोर, ज्याला डबा म्हणजे काय ते आत्ता सांगितलं, त्याला हे कायले? घाबरून जाईल. पुढे शिकेल तेव्हा शिकेल.

त्याने त्या दोन ओळी पुसल्या आणि मेल पाठवला. उत्तर आलं, एका शब्दाचं: thanks. टेकचंद समाधानाने डबा उघडून जेवायला बसला.

*

पुढल्या वर्षी मे महिन्यात, अशाच एका रिकाम्या दुपारी, एक माणूस जिना चढून वर आला. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात प्लॅस्टिकची फाइल.

"टेकचंद सर तुम्हीच का जी?"

"हो. कुणाला घालायचं आहे क्लासला?"

"नाही. मी दुलीचंद कटरे. तुम्ही मला एकदा उत्तर दिलं होतं."

त्याने फाइलीतून तीन पानं काढून टेबलावर ठेवली. मेलची प्रिंट होती. डबा, हजेरीपुस्तक, सगळं त्यात होतं. टेकचंदने ओळखलं आणि तो हसला. "अरे, तुम्ही होते का? मला वाटलं कॉलेजातलं पोरगं असेल."

दुलीचंद हसला नाही.

तो रायपूरला सात वर्षं एका कंपनीत कोड लिहीत होता, व्हिज्युअल बेसिकमध्ये. वडिलांना लकवा मारला म्हणून गोंदियाला परत आला आणि एका संस्थेत लागला. त्या संस्थेचं मुलींचं वसतिगृह होतं. खेड्यात सातवीपर्यंतच शाळा असलेल्या मुलींनी इथे राहून आठवीपासून शिकायचं. दरवर्षी तीनेकशे अर्ज यायचे. ज्यांचे कागद अपुरे, ते आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्यांची गुणवारी लावायची. त्यासाठीचा प्रोग्राम आधीच्या माणसाने लिहून ठेवलेला होता, फॉक्सप्रोत, आणि तो माणूस नोकरी सोडून कुठे गेला ते कुणालाच माहीत नव्हतं.

"गेल्या वर्षी गोंदियाच्या रजिस्टरवर रद्द अर्ज एक्केचाळीस होते," दुलीचंद म्हणाला. "कॉम्प्युटर एकसष्ट दाखवून राहिला होता. देवरीच्या केंद्राचं रजिस्टर तोवर आलंच नव्हतं. तिथला बाबू तिकडचे अर्ज, रद्द केलेल्यांसकट, फ्लॉपीवर पाठवायचा. मला शंका आली का प्रोग्राममध्ये काही असेल. फॉक्सप्रो मी कधी लिहिलं नव्हतं. म्हणून तुमच्या ग्रुपवर टाकला."

"मग लिहायचं ना, का मी काम करणारा माणूस आहे, अमुक ठिकाणी अडलं आहे म्हणून."

"कसं लिहू सर? सात वर्षं काम केलेल्या माणसाने विचारायचं, का मला हे वाचता येत नाही? सचिवसाहेबांनी मला त्याच कामासाठी ठेवलं होतं." त्याने मान खाली घातली. "एक शब्द लिहिला. वाटलं, जो जाणता असेल तो समजून घेईल."

मग त्याने प्रिंटच्या दुसऱ्या पानावर बोट ठेवलं. त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. "बरोबरचं चिन्ह म्हणजे दोन्ही बाजू सारख्या. माझी शंका याच ओळीवर होती सर. बाकी प्रोग्रामात गडबड व्हावी असं काहीच नव्हतं. पण मी जी भाषा लिहायचो तिच्यात हे चिन्ह सारखं म्हणजे सारखंच असतं. आणि तुम्ही इतकं बारीक सांगितलं होतं, पार डब्यापासून. मी म्हटलं, एवढं बारीक सांगणाऱ्याने इथे काही असतं तर सोडलं नसतं. ओळीवर टिक केली आणि पुढे गेलो. सचिवसाहेबांना सांगितलं, प्रोग्राम बरोबर आहे, जाणकाराकडून तपासून घेतला. देवरीच्या बाबूनेच वीस जास्त रद्द केले असतील. साहेबांनी सही केली, यादी लागली."

"आणि यंदा?"

"यंदा सात नंबरचा अर्ज रद्द केला आणि नंबरवार यादी काढून पाहिली. सत्तर ते एकोणऐंशी, सगळे गेले."

खाली दुकानात कुणीतरी कापड टराटरा फाडत होतं. टेकचंदने मनातल्या मनात हिशोब मांडला. तो करायला त्याला वेळ लागला नाही. "गेल्या वर्षी कोणते?"

"बारा आणि सत्तावीस. त्यांचे कागद खरंच नव्हते. त्यांच्यासोबत एकशेवीस ते एकशेएकोणतीस आणि दोनशेसत्तर ते दोनशेएकोणऐंशी. वीस मुली. मी त्यांचे अर्ज कपाटातून काढून पाहिले. एकूणएक कागद पुरे होते."

टेकचंदने ती प्रिंट स्वतःकडे ओढली आणि कोड पहिल्यांदाच नीट पाहिला. वरच्या दोन ओळींत कुणाची तरी आद्याक्षरं होती आणि तारीख होती, अठ्ठ्याण्णव सालची. फाइलीचा पत्ता F: ड्राइव्हचा होता, म्हणजे ऑफिसातलं नेटवर्क. कॉलेजच्या कोणत्या पोराच्या अभ्यासात असं असतं? सगळं समोर होतं. त्याने फक्त तो एक शब्द वाचला होता.

"दुलीचंदभाऊ," तो म्हणाला, "मला हे माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"EXACT चं. मी लिहिल्या होत्या दोन ओळी. मग पुसून टाकल्या."

"काऊन?"

त्या 'काऊन'ला टेकचंदकडे उत्तर होतं, पण ते तोंडातून काढायची त्याला लाज वाटली. तरी त्याने काढलं. "मला वाटलं, तुम्ही शिकाऊ आहात. घाबराल."

दुलीचंदने पानं गोळा केली, एकावर एक नीट लावली. "एक ओळ पुरली असती सर," तो म्हणाला. "बाकी तीन पानं नसती तरी चाललं असतं."

*

दोघं सचिवांकडे गेले. सचिवांनी ऐकून घेतलं आणि प्रोग्राम दुरुस्त झाला का तेवढं विचारलं. झाला होता. सुरुवातीला SET EXACT ON एवढं लिहिलं की काम होत होतं. "मग झालं तर," ते म्हणाले. "गेल्या वर्षीच्या जागा भरल्या. घेतलेल्या मुली आता नववीत चालल्या. त्यांना काय उठवून लावू? आणि हे बाहेर बोलू नका, संस्थेचं नाव आहे." टेकचंदने विचारलं, निदान यंदा त्या वीसजणींना पत्र पाठवाल का, आठवीत घ्याल का? सचिव म्हणाले, अर्ज करू द्या, गुणवारीत आल्या तर घेऊ. पत्राचं त्यांनी काही काढलं नाही. महिन्याभरात दुलीचंदला त्यांनी कामावरून कमी केलं.

पत्रं मग टेकचंदनेच लिहिली, हाताने, वीस. सोबत कोरे अर्ज जोडले. तीन उत्तरं आली. दोघी गावाजवळच्या दुसऱ्या शाळेत लागल्या होत्या आणि बऱ्या होत्या. तिसरीच्या भावाने लिहिलं होतं की तिचं लग्न ठरलं आहे, पुन्हा कागद पाठवू नये.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, ज्यांची उत्तरं आली नव्हती त्यांच्या शोधात, दुलीचंदच्या मोटरसायकलवर दोघं देवरीच्या पुढे गेले. हायवे सोडून जंगलात शिरल्यावर रस्ता लाल मातीचा झाला. दोन घरांना कुलपं होती. तिसऱ्या घरी देवकाबाई भेटली. अंगणात दगडाने मोहाच्या टोळ्या, म्हणजे बिया, फोडत बसली होती. तिची मुलगी रुख्मा, अर्ज नंबर एकशेचोवीस. सातवीत शाळेत पहिली आलेली.

"रुख्मा कुठे आहे बाई?"

"ते गेली जी मिरच्या तोडाले, मामासंग, आंध्रात. फागुनात गेली, आता येतीलच वापस सारे." तिने दोघांना खाट टाकून दिली. "शाळेचे सर आले होते मांगल्या साली. म्हणे, कागद कमी पडला. कोणता कागद, ते आमाले समजलाच नाही. मी दोनदा तहसीलले गेली. हिचा बाप म्हणे, तूच पाण्यात भिजवला असशीन. मले बी तसंच वाटे."

दुलीचंद उठून मोटरसायकलकडे गेला. टेकचंद उरला. आयुष्यभर समजावून सांगण्यावर पोट भरलेला माणूस, त्याने सुरुवात केली. कॉम्प्युटरमध्ये नंबर असतात, बाई. बारा नंबर रद्द केला तर त्याने काय केलं, की ज्या नंबराच्या पुढे बारा लिहिलं आहे... तो थांबला. परत सुरू केलं. समजा, एका पोत्यावर... परत थांबला. देवकाबाई दगड हातात धरून त्याच्या तोंडाकडे पाहत होती.

"म्हंजे आमचा कागद पुरा होता?" तिने विचारलं.

"हो. पुरा होता."

"मी भिजवला नवता?"

"नाही."

"मंग?"

बाईने थोडी वाट पाहिली आणि मग दगड टोळीवर आपटला. तिला राग आल्याचं दिसलं नाही. राग आला असता तर बरं, असं त्याला वाटून गेलं. निघताना त्याने कोरा अर्ज तिच्या हातात दिला. तिने तो पदराला हात पुसून घेतला, छपराच्या बल्लीत खोचला आणि म्हणाली, "आल्यावर सांगतो तिले. पण ते आता नाही जाणार जी. लहान पोरींमंदी बसाले लाजते."

रुख्माचा अर्ज आला नाही. पुढच्या वर्षी टेकचंद बसने एकटाच पुन्हा गेला, तेव्हा पोरगी घरी होती. हाताच्या बोटांची कातडी मिरचीने सोलवटलेली. तिने त्याला पाणी दिलं. त्याने विचारलं, वाचतेस का काही? "वाचाले काय आहे घरी?" ती म्हणाली आणि आत गेली.

*

दुलीचंद रायपूरला परत गेला, वडिलांना घेऊन. सुरुवातीला एकदोन फोन झाले, मग तेही थांबले.

टेकचंदने ग्रुपवर लिहिणं सोडलं नाही, पण त्याचा हात बिघडला. आता तो दुसऱ्या टोकाला गेला. कुणी नुसता कोड डकवला की त्याला दुलीचंद दिसायचा. दोन हजार आठमध्ये एक सी भाषेतला कोड आला, साखळीने एकमेकांना जोडलेल्या आकड्यांचा, आणि खाली तोच शब्द. टेकचंदने पाचच ओळी लिहिल्या, एकदम नेमक्या. पॉइंटर कुठे हलतो, शेवटच्या दुव्यानंतर काय होतं, मेमरी मोकळी करायची कुठे राहिली आहे. जाणत्याला एकही शब्द फुकट वाटला नसता.

दोन दिवसांनी उत्तर आलं. "सर मी भूमिका, अर्जुनी मोरगाव. बीएस्सी पहिलं वर्ष. मला यातलं काहीच समजलं नाही. मॅडम म्हणतात एवढं तर सोपं आहे. बहुतेक मला हे जमणार नाही. तुम्हाला त्रास दिला, माफ करा."

त्याने त्याच क्षणी लांबलचक मेल लिहायला घेतला. पॉइंटर म्हणजे घराचा पत्ता, घर नव्हे, इथून सुरू करून. तीन पानं. खाली आपला फोन नंबर टाकला, क्लासला ये, काही देऊ नकोस म्हणून लिहिलं. उत्तर आलं नाही. पुढल्या महिन्यात त्याने अजून एक मेल केला, तोही तसाच गेला. अर्जुनीच्या कॉलेजात त्याच्या ओळखीचा एक शिपाई होता. त्याच्याकडून कळलं की त्या नावाच्या मुलीने विषय बदलून घेतला.

रुख्मिणीने एकदा विचारलंच. "दोघांले उलटं उलटं कसं सांगितलं तुम्ही? आधी विचारत काऊन नाही, का बाबा, तुले किती येते?"

"विचारतो आता," तो म्हणाला.

खरंच विचारायचा. मेल आला की आधी एक ओळ पाठवायचा: तुम्ही शिकता आहात की काम करता? नेमकं कुठे अडलं? बहुतेक लोक त्यावर उत्तरच देत नसत. एकाने लिहिलं, "येत असेल तर सांगा, मुलाखत कशाला घेता?" मग त्याने दुसरी रीत धरली. प्रश्नही विचारायचा आणि उत्तरही लगेच द्यायचं. आधी जाणत्यासाठी चार ओळी, हा कोड काय करतो आणि त्यात धोका कुठे आहे. खाली रेघ मारून, नवीन असाल तर इथून वाचा, असं लिहून मुळापासून सगळं. सोपं करताना जे सोडलं, तेही तो सांगायचा: हे पुरतं खरं नाही, याला एक अपवाद आहे, तो अमुक.

रीत चांगली होती. पण तोवर ग्रुपवर माणसंच उरली नव्हती. लोक मोठमोठ्या इंग्रजी साइटवर जाऊन विचारत, तिथे मिनिटात उत्तर मिळे. फॉक्सप्रो तर कुणी लिहीतच नव्हतं. क्लासमध्येही पोरं कमी झाली. ज्याच्या त्याच्या घरी कॉम्प्युटर आला आणि टायपिंग शिकायला कुणी माडी चढेना. दोन हजार बारात टेकचंदने मशीन विकल्या आणि एका ऑफिसात डेटा भरायला लागला. तिथे नावं टाइप करायची असतात, समजवायचं काही नसतं.

तिथल्या पोरांना त्याची एक खोड माहीत आहे. यादीत नंबर भरला की तो दहा-वीस नंबर पुढे जाऊन पाहतो, सगळे जागेवर आहेत का. "बिसेनकाका, झालं न, पुढे चला," असं पोरं म्हणतात. तो हो म्हणतो आणि पुन्हा पाहतो. का पाहतो ते त्यांनी कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी कुठून सुरू करावं, हे त्याला सुचलं नसतं.